हरिश्चंद्रगड, मुक्काम पोस्ट आर्क्टिक

हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यात आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या साठेक किलोमीटर अलीकडे, भर समुद्रातही एक हरिश्चंद्रगड आहे. तिथे तारामती शिखर आहे, केदारेश्वराची गुहा आहे, खिरेश्वरहून चढणारी वाटसुद्धा आहे. फक्त पाय ठेवायला जमीन नाही. हा गड यादवांनी बांधला नाही की मोगलांनी. तो बांधला ट्रेकच्या आदल्या रात्री केएमएल फाइल हाताने जीपीएक्समध्ये उतरवणाऱ्या एका उत्साही माणसाने.

त्याचं चुकतं ते इतकंच. केएमएलमध्ये जागा लिहिताना आधी रेखांश, मग अक्षांश, मग उंची असा क्रम असतो. जीपीएक्समध्ये अक्षांश आणि रेखांश नावानिशी लिहितात, `lat` आणि `lon`, आणि बहुतेक वेळा अक्षांश पुढे असतो. गडावरचं हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर साधारण 19.39 उत्तर अक्षांश आणि 73.78 पूर्व रेखांशावर आहे. केएमएलमध्ये ते `73.78,19.39` असं दिसतं. आपला माणूस पहिला आकडा पहिल्या रकान्यात टाकतो आणि देवळासकट अख्खा ग्रुप आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे नेऊन सोडतो.

गंमत म्हणजे संगणक याला हूं की चूं करत नाही. अक्षांश नव्वदच्या वर जाऊ शकत नाही, एवढं त्याला कळतं. फुजी पर्वताचा रेखांश 138 च्या पुढे आहे. तिथला ट्रेकर असा घोळ करायला गेला तर 138 हा अक्षांश कुठलंच शहाणं अॅप पचवून घेणार नाही. आपल्याकडे गुवाहाटीचा माणूसही वाचतो, कारण त्याचा रेखांश नव्वदच्या वर आहे. सह्याद्रीचे मात्र दोन्ही आकडे सोज्वळ. त्र्याहत्तर हा रेखांश म्हणूनही चालतो आणि अक्षांश म्हणूनही. त्यामुळे आपली चूक कुणी दाखवत नाही. ती थेट समुद्रात जाऊन दिसते.

मुळात हे दोन प्रकार एकमेकांसाठी केलेलेच नाहीत. केएमएल हे कीहोल या कंपनीचं अपत्य. गूगलने ती कंपनी 2004 मध्ये घेतली आणि तिच्याच सॉफ्टवेअरचं पुढे गूगल अर्थ झालं. पृथ्वी पडद्यावर दाखवायची, तिच्यावर रंगीत रेषा ओढायच्या, खुणा टोचायच्या, कॅमेरा तिरका करून कोकणकड्याकडे झेपावायचं, यासाठी केएमएल. जीपीएक्स 2002 चं आणि हल्ली सर्रास चालते ती 1.1 आवृत्ती 2004 ची. जीपीएसच्या यंत्रांना आणि प्रोग्रॅम्सना एकमेकांकडे माहिती देता यावी, एवढाच त्याचा उद्देश. थोडक्यात, केएमएल बघणाऱ्यांचं आणि जीपीएक्स चालणाऱ्यांचं.

प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्येही ही दोन घराणी असतात. बघणारे लोक ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर, जेवणाच्या सुट्टीत, वाट आखतात. वाटेला जांभळा रंग देतात, पाण्याच्या टाक्याला निळा थेंब लावतात, देवळाला घंटा लावतात, गडाचा घेर हिरव्या रंगाने भरतात आणि “रूट रेडी आहे” म्हणून फाइल पाठवतात. चालणारे लोक ती फाइल फोनमध्ये ओढतात, अॅप उघडतात आणि विचारतात, “दादा, यात टाकं कुठंय?” या दोन वाक्यांमधल्या प्रवासाला रूपांतर म्हणतात.

रूपांतराआधी आलेली फाइल खरोखर केएमएल आहे का, ते पाहावं लागतं. पुष्कळदा ती केएमझेड असते. केएमझेड म्हणजे केएमएलची झिप. नावातलं शेवटचं `.kmz` काढून `.zip` केलं आणि फोडलं, की आत बहुधा `doc.kml` नावाची फाइल सापडते. एवढ्यावर भागलं तर नशीब चांगलं.

खरा चकवा दुसराच असतो. गूगल माय मॅप्समधून नकाशा उतरवताना, माहिती सतत ताजी ठेवणारी नेटवर्क लिंकची केएमएल हवी का, असा एक पर्याय येतो. ‘ताजी’ हा शब्द दिसला की बघणाऱ्या घराण्याला राहवत नाही. तो पर्याय निवडला की हातात एक फाइल येते, संगणकावर ती उघडते, वाट दिसते, टाकं दिसतं, सगळं झकास. पण त्या फाइलमध्ये वाट नसतेच. “माहिती अमुक पत्त्यावर आहे, जाऊन बघा” एवढा निरोप असतो. इंटरनेट आहे तोवर संगणक तो निरोप पाळतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र आत ना बिंदू सापडतो ना रेषा, आणि तो निमूटपणे रिकामी जीपीएक्स काढून देतो. ओळखायची खूण सोपी आहे. फाइल संशयास्पद लहान असते आणि नोटपॅडमध्ये उघडली की `NetworkLink` हा शब्द दिसतो, `coordinates` हा दिसतच नाही. अशी फाइल पाठवणाऱ्याला दोष न देता परत पाठवावी आणि तो पर्याय न निवडता नकाशा पुन्हा उतरवायला सांगावा.

आता खऱ्या कामाला लागू. समजा फाइल अस्सल आहे. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून गडावर, देवळापाशी मुक्काम, कोकणकडा पाहून पाचनईला उतरायचं, अशी एक रेषा आहे. तिच्यावर नऊ खुणा आहेत: खिरेश्वर, नागेश्वर मंदिर, तोलार खिंड, रेलिंगचा टप्पा, हरिश्चंद्रेश्वर मंदिर, देवळाजवळचं टाकं, कोकणकडा, तारामती आणि पाचनई. त्यातली देवळाची खूण केएमएलमध्ये अशी दिसते (आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून दोन दशांशांवर कापले आहेत, तेवढ्यावर चालायला निघालात तर किलोमीटरभर इकडेतिकडे व्हाल):

```
<Placemark>
  <name>हरिश्चंद्रेश्वर मंदिर</name>
  <description><![CDATA[जवळ टाकं आहे.<br>पाणी गाळून घ्या]]></description>
  <Point>
    <coordinates>73.78,19.39,0</coordinates>
  </Point>
</Placemark>
```

रेषेसाठी अशाच खोक्यात `Point` च्या जागी `LineString` असतं आणि आत शेकड्याने आकडे. केएमएलच्या लेखी देऊळ आणि वाट दोघंही `Placemark`च. जीपीएक्समध्ये मात्र तीन वेगळ्या जाती आहेत: सुटी खूण म्हणजे `wpt`, ठरवलेल्या थांब्यांची माळ म्हणजे `rte`, आणि पावलापावलाचा माग म्हणजे `trk`. कुणाला कुठल्या जातीत घालायचं, इथेच रूपांतर करणारे घसरतात.

इंटरनेटवर फुकट रूपांतर करून देणारी पानं ढिगाने आहेत. काही चांगली आहेत. काहींना फक्त रेषा दिसते, खुणा दिसत नाहीत. चढताना चालणाऱ्याला वाट मिळते, पण वाटेवर कुठे काय आहे ते कळत नाही. काही पानं उलटा उत्साह दाखवतात आणि रेषेतला प्रत्येक बिंदू स्वतंत्र खूण करून टाकतात. मग गडावर आठशे वेपॉइंट उगवतात, आणि त्यांच्या गर्दीत टाकं असतं, पण तिथवर बोट पोचेपर्यंत घसा कोरडा पडलेला असतो. तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा. त्यात खुणांनाच रेषेने जोडतात, तेही फाइलमध्ये त्या ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने. नकाशा आखणाऱ्याला साहजिकच आधी कोकणकडा आठवतो, मग पाचनईचं जेवण, मग खिरेश्वर. त्यामुळे फोनमध्ये कोकणकड्यावरून पाचनईला आणि तिथून खिरेश्वरला अशा दोन सरळसोट रेघा उमटतात. त्यांना ना दरी अडवते ना कडा. अशी फाइल ओळखता येते. वाट सहसा वळणावळणाने जाते आणि खुणा तिच्या अंगाखांद्यावर असतात. रेषा एका खुणेपासून दुसरीपर्यंत काठीसारखी ताठ गेली असेल, तर ती वाट नव्हे.

म्हणून मी हे काम जीपीएसबॅबल या मोफत प्रोग्रॅमकडे देतो. त्याला खिडकीही आहे. वरच्या भागात आलेल्या फाइलचा प्रकार केएमएल, खालच्या भागात हवा असलेला प्रकार जीपीएक्स, आणि मध्ये `Waypoints`, `Routes`, `Tracks` अशा तीन चौकटी. तिन्हींवर टिचकी असू द्यावी. काळ्या पडद्यावर टाइप करायची हौस असेल तर तेच काम एका ओळीत होतं:

```
gpsbabel -w -r -t -i kml -f gad.kml -o gpx -F gad.gpx
```

यातली `-w -r -t` ही तीन अक्षरं म्हणजेच त्या तीन चौकटी. लहान `f` म्हणजे आलेली फाइल, मोठा `F` म्हणजे जाणारी. Enter दाबलं की काहीच होत नाही. ना अभिनंदन, ना टाळ्या. प्रोग्रॅम गप्प बसला म्हणजे काम झालं. मराठी माणसाला हे जड जातं. आपल्याकडे काम झालं की कुणीतरी “झालं हं!” म्हणायचं असतं. त्यामुळे लोक ती ओळ आणखी दोनदा चालवतात. निष्पन्न तेच होतं.

फाइल झाली म्हणून खुणा पोचल्या असं होत नाही. त्या मोजाव्या लागतात. लिनक्स किंवा मॅकवर दोन ओळी पुरतात:

```
grep -c "<Point>" gad.kml
grep -c "<wpt " gad.gpx
```

दोन्हीकडे नऊ आले तर सगळी मंडळी गाडीत बसली. विंडोजवाल्यांनी एखाद्या एडिटरमध्ये हेच शब्द शोधून मोजावेत. इथे `Placemark` मोजण्याचा मोह आवरावा, कारण रेषासुद्धा `Placemark` असते. मग केएमएलमध्ये दहा आणि जीपीएक्समध्ये नऊ दिसतात आणि ‘एक वेपॉइंट हरवला’ अशी बोंब होते. रात्री साडेअकराला ग्रुपमध्ये शोधमोहीम निघते. हरवलेला दहावा म्हणजे ती वाटच असते, आणि ती `trk` मध्ये सुखरूप बसलेली असते.

आता आपलं देऊळ जीपीएक्समध्ये साधारण कसं आलं ते पाहू:

```
<wpt lat="19.390000000" lon="73.780000000">
  <ele>0.000</ele>
  <name>हरिश्चंद्रेश्वर मंदिर</name>
  <desc>जवळ टाकं आहे.&lt;br&gt;पाणी गाळून घ्या</desc>
</wpt>
```

अक्षांश आणि रेखांश आपापल्या जागी. नाव शाबूत. पण `ele` मधलं शून्य बघा. `ele` म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. तारामती 1429 मीटर उंच आहे, आणि तिच्या कुशीतलं हे देऊळ या फाइलच्या मते थेट गिरगाव चौपाटीवर आहे. हे शून्य रूपांतर करणाऱ्याने घातलेलं नाही. केएमएलमध्ये `73.78,19.39,0` असं ते आधीपासून होतंच. पण तिथे ते निरुपद्रवी होतं. केएमएलमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर खूण जमिनीला चिकटवायची असा नियम आहे, आणि मग उंचीच्या आकड्याकडे कुणी पाहतच नाही. सरकारी अर्जात ‘असल्यास’ लिहिलेल्या रकान्यात आपण शून्य टाकतो, तसं ते शून्य. जीपीएक्सला हे बारकावे ठाऊक नाहीत. तिथे शून्य म्हणजे शून्य मीटर.

रेषेतल्या प्रत्येक बिंदूचीही तीच कथा. मग फोनमधलं अॅप चढाईचा आलेख काढतं आणि पडद्याच्या तळाशी एक सपाट रेघ येते. एकूण चढ शून्य, एकूण उतार शून्य. ग्रुपमधले पहिल्यांदाच येणारे काका ती पाहून सुखावतात. “सोपाच दिसतोय हो,” म्हणतात आणि चपला घालून यायचं ठरवतात. तोलार खिंडीच्या वर, रेलिंग धरून कातळ चढताना त्यांना तो आलेख आठवतो आणि ते आखणाऱ्याच्या घराण्याचा उद्धार करतात.

इलाज सोपा आहे. जीपीएक्स एडिटरमध्ये उघडायची आणि `<ele>0.000</ele>` च्या जागी काहीही न टाकता सगळीकडे बदल करायचा. उंची ‘शून्य’ असण्यापेक्षा ‘माहीत नाही’ असणं केव्हाही बरं. पुष्कळ अॅप्स मग स्वतःकडच्या भूरचनेच्या माहितीवरून उंची भरून घेतात. नाही भरली तर आलेख येत नाही. खोटा आलेख येण्यापेक्षा तेही बरंच. बदल करताना पूर्ण `<ele>0.000</ele>` हेच शोधावं. कुणी घाईत नुसतं शून्य शोधून काढून टाकलं, तर अक्षांश-रेखांशांमधली शून्यंही उडतात आणि गड पुन्हा प्रवासाला निघतो.

नुसतं एडिटरमध्ये उघडून जतन करण्यातही एक सुरुंग आहे. जतन करताना खाली एन्कोडिंग विचारतात. तिथे यूटीएफ-8 च राहू द्यावं. जुन्या सवयीने एएनएसआय निवडलं की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात. तोलार खिंडीचं `????? ????` होतं, तारामतीचं `???????`. ही प्रश्नचिन्हं पुन्हा अक्षरं होत नाहीत, कारण मूळ अक्षरं फाइलमध्ये उरलेलीच नसतात. नावांऐवजी `à¤` असलं काही विचित्र दिसत असेल तर आशा आहे. तिथे अक्षरं जिवंत असतात, फक्त वाचणारा चुकीचा चष्मा लावून बसलेला असतो. यूटीएफ-8 म्हणून उघडलं की ती सुधारतात.

आता राहिले थेंब आणि घंटा. ते गेले. जीपीएक्समध्ये चिन्हासाठी `sym` नावाची जागा आहे, पण केएमएलमधलं चिन्ह म्हणजे एखाद्या चित्राचा पत्ता असतो, आणि त्या चित्राचा अर्थ ‘पाणी’ आहे हे रूपांतर करणाऱ्याला कोण सांगणार? त्यामुळे टाकं, देऊळ, खिंड आणि कडा अशा सगळ्यांना सारखीच टाचणी मिळते. भर उन्हात फोनच्या छोट्या पडद्यावर नऊ सारख्या टाचण्या दिसतात तेव्हा कुठे प्यायचं आणि कुठे नुसतं बघायचं हे कळत नाही. जी गोष्ट रंगात किंवा चित्रात सांगितली आहे ती रूपांतरात जाणार, हे गृहीत धरावं. म्हणून रूपांतराआधीच नावात शब्द टाकावा: ‘पाणी – देवळाजवळचं टाकं’, ‘सावध – रेलिंगचा टप्पा’. अक्षरं तरतात. टिपणात दिसणारे `<br>` तेवढे काढून टाकावेत. काही अॅप्स ते ओळ बदलायची खूण म्हणून घेतात, काही जसेच्या तसे दाखवतात, आणि मग कुणीतरी गंभीरपणे विचारतं, “हे बीआर म्हणजे काय, बुरूज का?” टिपणात फोटो चिकटवले असतील तर तेही खरं म्हणजे इंटरनेटवरचे पत्तेच असतात. कोकणकड्यावर रेंज गेली की तेही गेले.

रेंजवरून आठवलं. जीपीएक्समध्ये नकाशा नसतो. त्यात फक्त बिंदू आणि रेषा असतात. मागचा डोंगर, ओढे, गावं हे सगळं अॅपने वेगळं उतरवून ठेवलेलं असावं लागतं. म्हणून घरीच फोन विमान-मोडवर टाकून फाइल उघडावी. मागे नकाशा दिसतो का, नऊही टाचण्या आहेत का, एकेकीला बोट लावल्यावर नाव आणि टिपण येतं का, आणि रेषा खरंच तोलार खिंडीतून जाते का, हे पाहावं. फाइल ग्रुपवरून फोनमध्ये घेताना तिला उघडायला कुठलंच अॅप पुढे येत नसेल तर फाइल दोषी नसते. आधी ती फोनमध्ये जतन करावी आणि मग अॅपच्या आतल्या ‘इम्पोर्ट’मधून बोलवावी.

आणि एवढं सगळं बिनचूक झालं, तरी रूपांतराने वाट खरी होत नाही, हे आखणाऱ्याने विसरू नये. उपग्रहाच्या चित्रावर झाडीवरून हाताने ओढलेली रेषा जीपीएक्समध्येही हाताने ओढलेलीच राहते. दोन बिंदूंमध्ये ज्याने वळण टाकलं नाही, त्याच्यासाठी प्रोग्रॅमही टाकत नाही. म्हणून फाइलच्या नावातच लिहावं, वाट ‘आखलेली’ आहे की ‘चाललेली’, आणि चाललेली असेल तर कुठल्या महिन्यात. `final_new_2.gpx` या नावावरून यातलं काहीच कळत नाही.

ही अशी, शून्यं काढलेली, नावं तपासलेली, पाण्यासकट पोचलेली जीपीएक्स मी परवा ग्रुपवर टाकली. मिनिटाभरात बघणाऱ्या घराण्यातून उत्तर आलं: “मस्त! याचं केएमएल मिळेल का? लॅपटॉपवर बघायचंय.”